स्विफ्टला २०५ चे टायर टाकले, मीटर-अ‍ॅव्हरेज-मागचा आवाज तिन्हीचा घोळ झालाय (चोपडा)

तापीकाठ_चोपडा
राम राम मंडळी. गाडी २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, ६२ हजार झालेत. कंपनीचे टायर १६५/८० आर १४, पार गुळगुळीत झाले होते म्हणून दिवाळीआधी बदलायला जळगावला गेलो. दुकानदार म्हणाला १५ चे अलॉय घेऊन टाका त्यावर २०५/६५ बसतात, गाडी भरल्यासारखी दिसते अन् थोडी वरही उचलते. मला पण दिसायला आवडले, घेतले. अलॉय ७ इंच रुंद आहेत.

आता दीड महिना झाला अन् तीन गोष्टी होताहेत. एक, आधी मीटरवर ८० असताना फोनच्या जीपीएसवर ७५ दिसायचे, आता मीटर ८० तर फोनही ८०. मीटर खराब झालं का? दुसरं, अ‍ॅव्हरेज २१ वरून १९ वर आलं, रस्ता तोच चोपडा-जळगाव, चालवणारा तोच. तिसरं, परवा घरचे पाच जण घेऊन मनुदेवीला गेलो तर मागून खर्र खर्र असा आवाज, खड्ड्यात गेली की हमखास. एकटा असलो की काहीच नाही.

दुकानदार म्हणतो नवीन टायर आहेत, हळूहळू बसतील. बसतील का खरंच?

शिरपूर_७३
मीटर खराब नाही झालं भाऊ, उलट सुधारलं. कंपनी मीटर जरा जास्तच दाखवते, सगळ्याच गाड्यांत. मोठा टायर टाकला की ते बरोबरीला येतं. माझ्या गाडीचं पण तसंच झालं, मी तर खूश आहे, आता जे दिसतं तेच खरं. ते सोड अन् आवाजाचं बघ.

धुळ्याचा_बुलेटवाला
मी पण मागे रुंद टायर टाकला होता, चेन घासायला लागली अन् वळणावर गाडी आडवी पडायलाच तयार नाही. मीटरला मात्र काही फरक पडला नाही. त्यामुळे टायरने मीटर बदलतं हे मला काही पटत नाही. वायर चेक करा.

भुसावळ_अलाइनमेंट
बुलेटवाले भाऊ, तुमच्या गाडीचं मीटर पुढच्या चाकावर चालत असेल अन् टायर तुम्ही मागचा बदलला, मग फरक कुठून पडणार. इथे चारही बदललेत.

चोपडावाले दादा, तुमचे तिन्ही प्रश्न एकाच जागेवरून निघतात. घाई करू नका, जरा लांबण लावून सांगतो कारण हे रोज माझ्या रॅम्पवर येतं.

मीटरला वेग कळत नाही, त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे कंपनीने एकदा ठरवून त्यात बसवलंय. तुमचा जुना टायर नवा असताना साधारण ६२० मिलिमीटर उंच होता. कसं काढायचं, तर १६५ ही टायरची रुंदी, तिचे ८० टक्के म्हणजे १३२, ती टायरची भिंत, ती वर एक अन् खाली एक म्हणून २६४, त्यात १४ इंचाची रिम म्हणजे ३५६ मिळवा. आता २०५ चे ६५ टक्के १३३, दोन्हीकडची २६६, रिम ३८१, झाले ६४७. म्हणजे टायर २८ मिलिमीटर उंच झाला, साडेचार टक्के. एका फेऱ्यात गाडी साडेचार टक्के जास्त पळते अन् मीटरला त्याची खबर नाही.

शिरपूरवाले म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायला नको म्हणून कंपनी मुद्दाम थोडं वर ठेवते. युरोपातला नियम तर असा आहे की खरा वेग ८० असेल तर मीटर ८० च्या खाली येता कामा नये, वर मात्र ९२ पर्यंत चालेल. तुम्ही ती वरची सगळी शिल्लक खाऊन टाकली. आज बरोबरीत आहात, अजून एक साइज वर गेलात तर मीटर ८० दाखवेल अन् गाडी ८२ ने पळत असेल, कॅमेऱ्याला मीटर दिसत नाही.

तापीकाठ_चोपडा
काका एक शंका. तुम्ही म्हणता साडेचार टक्के, मग ७५ चे साडेचार टक्के म्हणजे सव्वातीन, फोनवर ७८ दिसायला हवे होते. मला तर ८० दिसतात. बरोबर हिशोब करतोय ना?

भुसावळ_अलाइनमेंट
एकदम बरोबर पकडलं. बहुतेक जण इथे लक्षच देत नाहीत. तुम्ही नव्या टायरची तुलना गुळगुळीत टायरशी करताय. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर नक्षी असते, तुमची दोनवर आली असेल. सहा वर अन् सहा खाली, बारा मिलिमीटर उंची नुसती घासून गेली. म्हणजे तुमचा जुना टायर ६२० नव्हता, ६०८ होता. ६०८ वरून ६४७ म्हणजे साडेसहा टक्के. ७५ ला साडेसहा टक्के लावा, येतात का ८०?

तापीकाठ_चोपडा
आलेच की. ७९.९. मानलं.

केळीवाला_रावेर
हा धागा सेव्ह करून ठेवतो भो. मला वाटायचं टायर झिजला की फक्त पकड जाते, मीटर पण बदलतं हे कधी डोक्यातच आलं नाही.

शिरपूर_७३
मग मी चूक काय म्हणालो? मीटर बरोबर आलं ना. बास.

भुसावळ_अलाइनमेंट
काट्याचं बरोबर आलं, किलोमीटरचं चुकलं. काटा मुद्दाम वर ठेवलेला असतो, पण एकूण किलोमीटर मोजणारा आकडा असा फुगवलेला नसतो, तो नव्या कंपनी टायरवर बऱ्यापैकी खरा असतो. मोठ्या टायरवर तो मागे राहतो. गाडी १०० किलोमीटर गेली तर तो ९५-९६ च मोजतो. अन् अ‍ॅव्हरेज आपण त्याच आकड्यावरून काढतो ना? टाकी टू टाकी पेट्रोल खरं, किलोमीटर कमी मोजलेले, मग अ‍ॅव्हरेज पडलेलंच दिसणार.

दादा, तुमचं काढून बघू. आता १९ दिसतं त्यात साडेचार टक्के मिळवा, पावणेवीसच्या जरा वर जातं. अन् जुनं २१ पण खरं नव्हतं, कारण झिजलेल्या टायरवर आकडा जास्त पळतो, दोन टक्के कमी करा, साडेवीस धरा. म्हणजे खरा फरक पाऊण किलोमीटरच्या आसपास आहे, दोनचा नाही. पाऊण मात्र खरोखर गेलं, ते रुंदीने अन् वजनाने खाल्लं.

विश्वास नसेल तर हायवेवर जा, पारोळा-धुळे रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडाला ट्रिप शून्य करा अन् वीस दगड मोजून ट्रिप बघा. पाच-दहा दगडांवर करू नका, चौपदरीकरणात एखादा दगड इकडेतिकडे झालेला असतो. सोबत फोनचं अंतर पण चालू ठेवा.

अमळनेरची_ताई
मी रोज अमळनेर-धुळे करते, आय२०, त्यात कंपनीचेच १६ चे चाक आहेत, १९५/५५. मीटरचं माझं काही म्हणणं नाही पण कम्फर्टचं सांगते. आधीची गाडी १४ च्या चाकाची होती, त्यात याच रस्त्यावर कधी कंबर दुखली नाही. आताच्या टायरची भिंत बोटांनी मोजली तर चार बोटं अन् थोडी, जुन्याची पाच बोटांच्या वर होती. प्रत्येक जोड, प्रत्येक पॅच आत येतो. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला अन् रिमची कडा वाकली. टायर फेकावाच लागला, फुग्यावर कोणी गॅरंटी देत नाही. ज्यांना १६-१७ चे अलॉय टाकायचेत त्यांनी आपल्याकडचे रस्ते बघून ठरवा एवढंच.

केळीवाला_रावेर
ताई बरोबर बोलल्या. पण १६ चं चाक टाकलं की गाडी वर जाते ना? माझ्या चुलतभावाने त्याच्यासाठीच टाकलेत, बांधावरून खाली घासायची म्हणून. एक इंच चाक मोठं म्हणजे अर्धा इंच गाडी वर.

भुसावळ_अलाइनमेंट
नाही. हा गैरसमज रोज ऐकतो. रिम इंचाने वाढते पण टायरची भिंत तेवढीच कमी होते म्हणून तर त्याला १९५/५५ देतात. बाहेरची उंची बघा, स्विफ्टचा १६५/८० आर १४ ६२० अन् १९५/५५ आर १६ ६२१. गाडी एक मिलिमीटर पण वर गेली नाही, फक्त रबर कमी झालं अन् लोखंड, म्हणजे अलॉय, वाढलं. भावाच्या गाडीची खालची जागा टेपने मोजून बघा, आधी होती तेवढीच निघेल.

गाडी वर जाते ती टायर बाहेरून उंच झाला तरच, अन् तेही निम्मी. चोपडावाल्यांचा टायर २८ ने उंच झाला, गाडी १४ मिलिमीटर वर आली. दुकानदार तेवढं खरं बोलला. पण त्याने दुसरी बाजू सांगितली नाही की जमिनीकडची जागा १४ ने वाढली तेव्हा मडगार्डच्या कमानीतली जागा १४ ने कमी झाली. तुमचा खर्र खर्र आवाज तिथला आहे. तो बसणार वगैरे काही नाही, प्लास्टिक घासून जाईल तेव्हा आवाज थांबेल अन् पुढे टायर कापला जाईल.

नंदुरबार_सातपुडा
त्याला सोपा उपाय शे भो. मागच्या स्प्रिंगात ते रबराचे बफर मिळतात, दोन वेटोळ्यांच्या मधे बसतात. मी टाकलेत, पाच माणसं बसली तरी गाडी दबत नाही. तोरणमाळ घाट चढून आलो, आवाज नाही काही नाही.

भुसावळ_अलाइनमेंट
बफरने आवाज बंद होतो हे खरं. पण स्प्रिंगचं एक वेटोळं त्याने बांधून टाकलं जातं, उरलेल्या वेटोळ्यांवर ताण येतो अन् मागचे लोक उड्या मारतात. रिकामी गाडी असेल तर जास्तच. टायर घासतोय म्हणून सस्पेन्शन कडक करणं म्हणजे बूट चावतो म्हणून पाय बांधणं. मी तरी करू देत नाही.

नंदुरबार_सातपुडा
आमना इकडचे रस्ते तुम्ही बघितले नाहीत काका. मला दोन वर्षं काही त्रास नाही. ज्याचा त्याचा अनुभव.

भुसावळ_अलाइनमेंट
असेल, तुमची गाडी कोणती अन् टायर कोणता त्यावर आहे. मी नाही म्हणत नाही.

चोपडावाले दादा, आधी नक्की कुठे घासतं ते शोधा. गाडी उजेडात लावून मागच्या टायरचा बाहेरचा खांदा बघा, एक चमकती काळी पट्टी असेल, बोटाला गुळगुळीत लागते, बाकी टायर मळकट असतो. मग आत हात घालून वरच्या प्लास्टिकवर हात फिरवा, जिथे पॉलिश झाल्यासारखं लागेल ती जागा.

मग मोजायचं असेल तर आपल्याकडे फुकटचा माल आहे, शेतातली काळी माती. चांगली मळून घ्या, लिंबाएवढे चार गोळे करा, घासलेल्या जागेच्या आसपास वरून चिकटवा. टायरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका, नुसतं पाणी शिंपडा म्हणजे माती टायरला ओढली जाणार नाही. पाच माणसं बसवा, अंगणातूनच एखाद्या उंचवट्यावरून पायी चालायच्या वेगाने दोनदा न्या. खाली उतरा, गोळा कुठे दबला तिथे सुरीने चिरा अन् पट्टीने उरलेली जाडी मोजा. मी बोटभर जागा उरायला पाहिजे असं धरतो कारण रस्त्यावर खड्डा अंगणापेक्षा जोरात येतो.

अन् अजून एक करा, गवंड्याकडून ओळंबा आणा. मडगार्डच्या कडेवरून दोरी सोडा, टायर दोरीच्या आत आहे का बाहेर ते बघा. सात इंचाची रिम पाच इंचाच्या रिमपेक्षा दोन इंच रुंद, मध्य तोच असेल तर एक इंच बाहेर अन् एक इंच आत जाते. वर अलॉयचा ईटी आकडा, म्हणजे हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे तो, जुन्यापेक्षा कमी असेल तर तेवढं अजून बाहेर. तो आकडा अलॉयच्या मागच्या बाजूला ठोकलेला असतो.

अमळनेरची_ताई
काका स्टेपनीचं पण सांगा ना. दादांची स्टेपनी जुनीच १४ ची असेल ना?

भुसावळ_अलाइनमेंट
ताई, चांगला प्रश्न. असेल तर तिची उंची ६२० अन् बाकीचे ६४७. मागे लावून हळू घरापर्यंत आणायला हरकत नाही. पुढे लावू नका, पुढच्या दोन चाकांची उंची वेगळी असेल तर डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर, सरळ रस्त्यावर पण फिरत राहतो. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा अन् स्टेपनी मागे. कटकट आहे पण तेच बरोबर. नट पण बघून घ्या, अलॉयला वेगळे दिले असतील तर जुने नट डिकीत ठेवा, स्टेपनीच्या लोखंडी रिमला तेच बसतात.

तापीकाठ_चोपडा
चार दिवस गायब होतो, सगळं करून आलो. फोटो टाकायचे होते, जमलं नाही, लिहूनच सांगतो.

दगड: पारोळ्याच्या पुढे सुरू केलं, वीस दगडांना ट्रिप १९.२ आली. फोनवर २०.१. म्हणजे काका म्हणाले तेच.

वजन: आमच्या गल्लीत केळीचा वजनकाटा आहे, त्यावर जुनं चाक टायरसकट ठेवलं, १४ किलो. नवीन काढून ठेवलं, साडेसतरा. मला वाटायचं अलॉय हलके असतात. चारही मिळून चौदा किलो जास्त, म्हणजे एक अख्खं जुनं चाक मी जास्तीचं फिरवतोय.

माती: डाव्या बाजूला गोळा आठ मिलिमीटर उरला. उजव्या बाजूचा गोळाच राहिला नाही, टायरने सपाट करून वरच्या प्लास्टिकला लेप लावला. पट्टी पण उजव्याच टायरवर आहे, बोटभर रुंद. ओळंबा सोडला तर टायर दोन्हीकडे बाहेर, साधारण बारा मिलिमीटर.

पावसाळ्यात मोटारसायकलने शेतात गेलो की मडगार्डमधे माती भरून चाक अडकतं ना, तेच डोक्यात आलं. काळ्या मातीच्या गाडवाटेवर ही जागा तर पहिल्या शंभर फुटातच भरून जाईल.

केळीवाला_रावेर
भरतेच. आमच्याकडे एकाची एसयूव्ही तशीच अडकली होती, माती वाळल्यावर पहारीने काढावी लागली. टायर रुंद म्हणजे चिखलात चांगला असं लोक म्हणतात, पण आपल्या काळ्या जमिनीत रुंद टायर वर तरंगतो अन् नक्षी भरली की नुसता फिरतो. जुना बारीक टायर खाली कडक पर्यंत जाऊन पकडायचा.

शिरपूर_७३
हे मात्र मी पण बघितलंय.

भुसावळ_अलाइनमेंट
दादा, तुम्ही मेहनत घेतली, असं कोणी करत नाही. उजवीकडे डाव्यापेक्षा जागा कमी हे मला खटकलं. दोन्ही चाकं सारखी तर जागा सारखी उरायला हवी. सपाट फरशीवर रिकामी गाडी लावून हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत उंची मोजा, दोन्हीकडची.

तापीकाठ_चोपडा
मोजली. उजवीकडे सहा मिलिमीटर कमी.

भुसावळ_अलाइनमेंट
मग एक तर त्या बाजूची स्प्रिंग बसलीय किंवा आधी कधी मागून मार लागून कमान वाकलीय. गाडी तुम्ही नवी घेतली होती का?

तापीकाठ_चोपडा
दुसऱ्या हाताची आहे, २०२१ ला घेतली. मागचा बंपर रंगवलेला आहे हे तेव्हाच कळलं होतं.

भुसावळ_अलाइनमेंट
मग इथे बसून सांगता येणार नाही. स्प्रिंग दोन्ही काढून शेजारी उभ्या केल्या की कळेल. मारही असू शकतो.

टायरचं मात्र सांगू शकतो. तुमच्याकडे सात इंचाची रिम आहे म्हणून झेडएक्सआयचा १८५/६५ आर १५ त्यावर टाकू नका. उंचीने तो एकदम बरोबर बसतो, पण तो साडेसहा इंचापर्यंतच्याच रिमसाठी आहे, सातवर ताणून बसवला तर कडा उघडी राहते अन् खड्ड्यात रिमच आपटते. दुकानात बसवून देतील कोणीही, तुम्ही घेऊ नका. या रिमवर १९५/६० आर १५ चालतो, सात ही त्याची शेवटची हद्द. उंची ६१५, म्हणजे कंपनीच्या नव्या टायरपेक्षा पाचच मिलिमीटर कमी, मीटर अन् किलोमीटर दोन्ही जागेवर येतील. कमानीत वर सोळा मिलिमीटर जागा परत मिळेल. बाहेर आलेलं मात्र पूर्ण आत जाणार नाही, टायर प्रत्येक बाजूने पाच मिलिमीटर बारीक होईल, रिम आहे तिथेच राहणार.

दुसरा रस्ता म्हणजे अलॉय विकून साडेपाच किंवा सहा इंचाचे चांगल्या ईटीचे १५ चे घ्या अन् १८५/६५ टाका. कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेली साइज आहे म्हणून आरटीओ अन् विम्याला पण बोलायला जागा नाही.

आजच्या आज एक करा, हवा बघा. दुकानात किती भरलीय?

तापीकाठ_चोपडा
सकाळी थंड असताना बघितली, ३९ निघाली.

भुसावळ_अलाइनमेंट
दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे त्यावर बघा, त्याच्यापेक्षा खूप जास्त आहे ती. रस्त्यात नाही, सकाळी गाडी उभी असताना स्टिकरप्रमाणे करा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या उन्हात हायवेवर ती अजून चढते. टायर दगडासारखा लागतो तो यानेच. मधली नक्षी पण लवकर जाईल. हादरे लागत असतील तर ते रुंद टायरच्या नावावर टाकू नका, त्यातले बरेच हवेचे असतील.

अमळनेरची_ताई
मी पण आजच बघते माझी.

नंदुरबार_सातपुडा
चोपडावाले भाऊ, अलॉय विकणार असाल तर मला सांगा. माझ्या गाडीला १५ चे बसतात.

भुसावळ_अलाइनमेंट
आधी तुमच्या गाडीची पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, बघा, स्विफ्टला चार नट अन् १०० ची आहे. अन् बफर काढून ओळंबा सोडून बघा.

नंदुरबार_सातपुडा
बफर नै काढत काका, बाकी बघतो.

तापीकाठ_चोपडा
हवा कमी केली. फरक आहे, वेल्याच्या रस्त्यावरचे जोड कमी लागतात. आवाज मात्र आहेच, पाच माणसं बसवली की उजवीकडून.

दुकानात फोन केला होता. टायर परत घेणार नाही म्हणाला, दीड हजार किलोमीटर चाललेत म्हणून, त्याचंही बरोबर असेल. पण एकदा तरी मला विचारायला हवं होतं की मागे किती माणसं बसतात. मी सांगितलं असतं, आई, काकू अन् पोरं. आईला पाठीचा त्रास आहे अन् मी तिलाच त्या खर्र खर्रवर बसवून मनुदेवीला नेलं, हे मला जास्त लागलंय.

पुढच्या आठवड्यात भुसावळला येतो काका, स्प्रिंग काढून बघू. तोपर्यंत मागे दोनच माणसं बसवतो.

भुसावळ_अलाइनमेंट
या. सकाळी लवकर या, दुपारी रॅम्प तापतो. येताना जुन्या चाकांपैकी एक डिकीत टाकून आणा, त्याचा ईटी गंज घासून वाचू, म्हणजे रिम नक्की किती बाहेर आलीय ते कळेल.

केळीवाला_रावेर
काका, मी पण येऊ का? चुलतभावाची गाडी घेऊन. त्याला अजूनही वाटतं त्याची गाडी अर्धा इंच वर आहे.

भुसावळ_अलाइनमेंट
टेप घेऊन या.